तीन नंबरांची पावती

साठीला टेकताना बाबांना नायकाचं काम मिळालं, ते एका गुडघ्याच्या कृपेने. गुडघा त्यांचा नव्हे, त्यांच्या हौशी नाट्यमंडळाच्या कायमच्या नायकाचा. हे गृहस्थ जिन्यावरून घसरले, डॉक्टरांनी त्यांना सक्तीने झोपवलं, आणि मंडळाच्या दिग्दर्शकांना अचानक साक्षात्कार झाला की अख्खं नाटक तोंडपाठ असलेला माणूस इतकी वर्षं विंगेत बसून दुसऱ्यांना वाक्यं पुरवतोय. त्या दिवशी बाबा घरी आले आणि चहासुद्धा न घेता आरशासमोर उभे राहिले. आधी त्यांनी उजवा गाल पाहिला, मग डावा, आणि दोन्ही पसंत पडल्यासारखे दिसले.

पण प्रयोगाला सभागृह लागतं, आणि सभागृहाचा एकच, पंधरा दिवसांनंतरचा, शनिवार शिल्लक होता. त्यानंतर ते दुरुस्तीसाठी बंद होणार होतं, आणि ते उघडेपर्यंत तो गुडघा ठणठणीत होणार होता. म्हणजे हा शनिवार मिळाला तर बाबा नायक, नाही मिळाला तर जन्मभर विंगेत.

तोच शनिवार माझ्या आईच्या गायनमंडळालाही हवा होता.

सभागृहाची पद्धत अशी की एका तारखेची तात्पुरती नोंद ते दोघांनाही देतात. दोघांच्या हातात आपापला रेफरन्स नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवतात. ज्याच्या नंबरावर आधी पैसे जमा होतील, त्याची नोंद पक्की. दुसऱ्याची शुक्रवारी कार्यालय बंद होताना आपोआप रद्द. ही पद्धत ज्याने काढली त्याला लोकांच्या संसारात काड्या घालायची हौस असणार, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मला कोण विचारतंय?

आमच्या घरात त्या आठवड्यात कमालीचं सौजन्य पसरलं होतं. "मीठ देतेस का?" "घ्या ना." "आवाज कसा आहे तुझा? घसा बरा?" "छान आहे. तुमचं पाठांतर?" मी घरी बसून भाषांतरं करते, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामीच असते, त्यामुळे हे सगळं मला समोर बसून ऐकावं लागत होतं.

आईच्या बाजूला एक अडचण होती. तिच्या मंडळातल्या डझनभर बायकांची वर्गणी अजून गोळा होत होती, आणि प्रत्येकीचं उत्तर "उद्या देते" हेच होतं. बाबांच्या मंडळाने मात्र पैसे काढून बाबांच्या हातात ठेवले होते. प्रॉम्प्टर माणूस सहसा विश्वासू असतो. बाबांनी ते आमच्या बँकेच्या खात्यात टाकले, मंगळवारी संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि मला हाक मारली.

"मदत नकोय," ते म्हणाले. "साक्षीदार हवाय."

सभागृहाचं पैसे भरायचं पान उघडलं. रेफरन्स नंबरच्या चौकटीत बाबांनी पहिले दोन आकडे दाबले आणि उरलेला सगळा नंबर आपोआप उमटला.

"बघ! ओळखलं मला यंत्राने," बाबा खूश.

पान पुढे गेलं. मोठं सभागृह, शनिवार, संध्याकाळ, आणि खाली भाडं. बाबांनी एकेक ओळ मोठ्याने वाचली, मी मान डोलावली, त्यांनी बटण दाबलं. हिरवी खूण आली. खाली एक पावती उमटली आणि तिच्यावर तीन लांबलचक नंबर: ट्रान्झॅक्शन आयडी, रेफरन्स नंबर आणि बँक रेफरन्स.

"तीन तीन कशाला?" बाबांनी विचारलं.

"असतात," मी म्हटलं. माझं ज्ञान तिथेच संपत होतं.

प्रिंटरची शाई संपलेली. म्हणून बाबांनी एका जाड कार्डावर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात तिन्ही नंबर उतरवून घेतले. आयडी आणि बँक रेफरन्स पडद्यावरून घेतले. रेफरन्स नंबर मात्र खिशातल्या सभागृहाच्या चिठ्ठीवरून उतरवला, कारण प्रॉम्प्टरचा पहिला नियम असा की समोर काहीही चाललेलं असो, नजर मूळ प्रतीवर ठेवायची. हा नियम रंगभूमीवर उत्तम चालतो.

बुधवारी सकाळी आम्ही पक्क्या नोंदीचा कागद आणायला सभागृहाच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागे नोंदणीबाई होत्या. त्यांच्या टेबलावर चार शिक्के आणि एक छोटा पंखा होता, आणि पंख्याचं तोंड फक्त त्यांच्याकडे होतं. बाबांनी आयडी वाचायला सुरुवात केली.

"तो नको," बाई म्हणाल्या. "तो पैसे भरायच्या कंपनीचा. माझ्याकडे आमचा रेफरन्स नंबर लागतो. कोणाची कुठली नोंद, ते त्याच्यावर."

बाबांनी रेफरन्स नंबर वाचला. बाईंनी तो टाइप केला.

"ह्याच्यावर पैसे नाहीत."

"भरले की! काल संध्याकाळी!"

"भरले असतील. ह्याच्यावर नाहीत." त्यांनी पडद्याकडे आणखी जरा पाहिलं. "आणि त्या शनिवारची दुसरी नोंद काल संध्याकाळीच पक्की झाली. तुमची शुक्रवारी जाईल."

बाबांचा चेहरा पडला. दुसरी नोंद म्हणजे कोणाची, हे सांगायला ज्योतिषी नको होता. घरी आल्याआल्या ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आई त्या दिवशी रजेवर होती आणि लसूण सोलत होती.

"अभिनंदन," बाबा म्हणाले.

"आभारी आहे," आई म्हणाली, आणि पुढची पाकळी घेतली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आई एका औषधांच्या कंपनीत हिशेब खात्यात आहे. कंपनीच्या खात्यात रोज पैसे येतात. ते कोणी पाठवले आणि कुठल्या बिलापोटी, हे शोधून जुळवत बसायचं, एवढंच तिचं काम. म्हणजे त्या क्षणी ज्या एका माणसाला विचारायला हवं होतं, तो आमच्याच घरात लसूण सोलत होता. पण बाबांच्या लेखी तो शत्रूचा गोट होता. तिथे जाऊन "माझे पैसे हरवले" असं सांगण्यापेक्षा त्यांनी विंगेत राहणं पत्करलं असतं.

"आधी आपण बँकेत जायचं," ते माझ्या कानात म्हणाले.

बँकेत गर्दी होती. खुर्चीवर बसल्या बसल्या बाबा नायकाचं स्वगत पुटपुटत होते आणि शेजारचा माणूस हळूहळू सरकत दुसऱ्या टोकाला गेला. नंबर लागल्यावर बाबांनी पुन्हा आयडीच वाचला. काउंटरवरच्या तरुणाने नम्रपणे ऐकून घेतलं.

"हा आमचा नाही, काका. तुम्ही ज्यांच्या पानावरून भरलेत त्या कंपनीने तो दिलाय, आमच्याकडे त्याच्यावरून काही सापडणार नाही. बँक रेफरन्स आहे का?"

बाबांनी तो वाचला. तरुणाने क्षणात मान डोलावली.

"हे बघा. तुमच्या खात्यातून गेलेत, सभागृहाच्या नावाने. परत आलेले नाहीत."

"पण कशासाठी गेलेत, ते सांगा ना! कुठली नोंद?"

"ते मला दिसत नाही, काका. कुठून निघाले, कुणाकडे गेले, किती गेले, एवढंच ह्या नंबरावरून कळतं. त्यांनी ते कशात धरले, ते तेच सांगतील."

"ते म्हणतात आलेच नाहीत!"

"पैसे आले नाहीत म्हणतात, की तुमच्या नोंदीवर आले नाहीत म्हणतात?"

खरं तर तो प्रश्न सोन्यासारखा होता. पण बाबा चिडलेले होते आणि मला भूक लागली होती, त्यामुळे आम्ही दोघांनीही तो वाया घालवला.

दिग्दर्शककाकांनी एव्हाना फोनवर फोन लावले होते. शुक्रवारपर्यंत नोंद पक्की झाली नाही तर नाटक पुढे ढकलायचं आणि मग अर्थातच जुन्या नायकाला विचारायचं, असं ते अतिशय गोड आवाजात म्हणाले. फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ खिडकीशी उभे होते. मला त्यांची दया आली. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सांभाळलेल्या माणसाला एक संध्याकाळ स्वतःची मिळू नये, याचा मला रागही आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना.

गुरुवारी दुपारी मीच पैसे भरायच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवल्यावर एक मुलगी आली. मी बँक रेफरन्स सांगितला.

"मॅडम, तो बँकेचा नंबर झाला. आम्ही ट्रान्झॅक्शन आयडीवरून शोधतो. एकाच बिलाचे कोणी तीनदा पैसे भरायला गेलं, तर प्रत्येक वेळचा आयडी वेगळा असतो."

अखेर आयडीला किंमत देणारं माणूस भेटलं! बाबांनी माझ्या हातून फोन हिसकावला आणि एकेक आकडा टाळ्या घेणाऱ्या संवादासारखा म्हटला.

"हो सर, एकाच प्रयत्नात यशस्वी," मुलगी म्हणाली. "सभागृहाला तसं कळवलंही आहे. तुम्ही दिलेला रेफरन्स नंबर..." आणि तिने तो वाचला. बाबा कार्डावर बोट ठेवून ऐकत होते. शेवटच्या दोन आकड्यांवर बोट थांबलं.

"शेवटी सत्तावीस नाही, एकतीस," बाबा म्हणाले.

"सर, इथे सत्तावीस आहे. तुमच्या पावतीवरही तेच असेल."

"माझ्या कार्डावर एकतीस आहे!"

"कार्ड म्हणजे पावती का, सर?"

मी फोन घेतला, आभार मानले आणि कॉम्प्युटरकडे धावले. पैसे भरायचं पान उघडून मी चौकटीत पहिले दोन आकडे दाबले. यंत्राने आनंदाने उरलेला नंबर पुरवला. शेवटी सत्तावीस.

यंत्राने बाबांना ओळखलं नव्हतं. त्याने आईला ओळखलं होतं. आता मला आठवलं, सोमवारी रात्री आई ह्याच पानावर येऊन आपला नंबर टाकून भाडं बघून गेली होती, कारण वर्गणी किती कमी पडतेय ते तिला ताडून पाहायचं होतं. दोन्ही नंबरांची सुरुवात त्या शनिवारच्या तारखेने होत होती, म्हणून दोन आकड्यांवर यंत्र फसलं. सभागृह तेच, दिवस तोच, भाडं तेच. नाव त्या पानावर येतच नाही. बाबांनी प्रत्येक ओळ तपासली होती आणि प्रत्येक ओळ बरोबर होती.

मी सगळं समजावून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझ्या मंडळाच्या पैशांनी मी तुझ्या आईचा कार्यक्रम पक्का केला."

"हो."

"आणि वर तिचं अभिनंदन केलं."

मी हसले. मला माफ करा, पण मी खूप हसले. डोळे पुसून मग नोंदणीबाईंना फोन लावला. सत्तावीसवरचे पैसे एकतीसवर फिरवता येतील का?

"पैसे कोणी भरले ते आम्ही बघत नाही," बाई म्हणाल्या. "कशाचे भरले ते बघतो. सत्तावीसवाल्या संस्थेने लेखी दिलं की आमची नोंद सोडतो आणि ही रक्कम एकतीसवर घ्या, तर घेऊ. उद्या कार्यालय बंद व्हायच्या आत."

आता शत्रूच्या गोटात जाण्यावाचून इलाज नव्हता.

आई कामावरून आली. पर्स ठेवली, पाणी प्यायली. बाबा समोर जाऊन उभे राहिले, कार्ड पुढे केलं आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. प्रॉम्प्टर अडकला की त्याला कोण पुरवणार? मी तोंड उघडणार तेवढ्यात आईच म्हणाली, "शेवटी सत्तावीस ना?"

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारी रात्रीच." आईने फोन उघडून आमच्या दोघांपुढे धरला. "आमच्या मंडळाला पक्की नोंद झाल्याची मेल आली. खजिनदारबाई म्हणाल्या, मी तर भरले नाहीत. मग भरले कोणी? मेलमध्ये बँक रेफरन्स होता. आपल्या घरच्या खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज माझ्याही फोनवर येतो, त्यातही बँक रेफरन्स होता. दोन्ही शेजारी ठेवले. एकच नंबर. दिवसभर मी दुसरं काय करते?"

"मग बोलली का नाहीस?" बाबांचा आवाज चढला. "मी बँकेत जाऊन आलो! बाईंचं ऐकून घेतलं! बासरी ऐकली!"

"सगळीकडे गेलात. माझ्याकडे आलात?"

"तू विरुद्ध पार्टी होतीस!"

"मी बायको होते."

बाबा खाली बसले. आई त्यांच्या समोर बसली. मी उठून जायला हवं होतं, पण गेले नाही.

"हसशील असं वाटलं," बाबा हळूच म्हणाले. "साधे पैसे भरता येत नाहीत आणि निघाला नायक व्हायला, असं म्हणशील."

"हसलेच असते. मग दहा मिनिटांत काम करून दिलं असतं." आईने पदराशी चाळा केला. "आणि खरं सांगू? एक दिवस मलाही वाटलं, राहू दे असंच. आयतं सभागृह मिळालंय. पण काल तुम्ही खिडकीत उभे होतात ना, तेव्हापासून जेवण गोड लागलं नाही."

बाबांनी कार्ड तिच्यापुढे सरकवलं आणि नोंदणीबाईंची लेखी पत्राची अट सांगितली.

"माझ्या एकटीची सही चालणार नाही," आई उठली. "नोंद मंडळाची आहे. आता तालीम आहे. चला, आणि स्वतः मागा."

गायनमंडळाची तालीम एका शाळेच्या वर्गात चालते. बायका लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसल्या होत्या. आत भलताच आनंद होता, कारण कोणीतरी गुप्तपणे सगळं भाडं भरलं होतं. खजिनदारबाईंनी त्या अनामिक दात्याचे आभार मानायला सुरुवात केली, तेव्हा तिघीजणींनी एकाच वेळी लाजून खाली पाहिलं. एक तर "अहो, त्यात काय" असंही म्हणाली.

आईने बाबांना फळ्यासमोर उभं केलं. "ह्यांना काही सांगायचंय."

बाबा आधी चाचरले. मग त्यांनी हात पाठीमागे घेतले, जसे ते तालमीत घेतात, आणि बोलायला लागले. यंत्राने आपल्याला ओळखलं म्हणून झालेला आनंद, बाईंचा पंखा, बँकेतला सरकणारा शेजारी, बासरी, एकतीसवर थांबलेलं बोट. प्रत्येकाचा आवाज त्यांनी काढला. बायका बाकं बडवून हसत होत्या. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"मी विंगेतून नाटक पाहिलंय," ते म्हणाले. "समोरून कधी पाहिलं नाही, आणि समोर कधी उभाही राहिलो नाही. हा शनिवार तुमच्या नावावर आहे. पैसे माझ्या हातून गेले, पण तुमच्या नंबरावर गेले, म्हणजे नियमाने तो तुमचाच. मी तो मागायला आलोय."

आई दारापाशी उभी होती. ती बाबांकडे असं बघत होती, जसं कोणी नव्याने ओळख करून दिलेल्या माणसाकडे बघतं.

खजिनदारबाई सगळ्यांत आधी उठल्या. "आम्हाला ना पडदा लागतो, ना विंगा," त्या म्हणाल्या. "आम्ही इथेच गाऊ, ह्याच वर्गात. वर्गणीही पुरेल." हात वर झाले. "त्यात काय" वाल्या बाईंनी तर दोन्ही वर केले.

घरी जाताना कोपऱ्यावर थांबून आईने विचारलं, "नाटकातही असंच करता?"

"असंच. जरा मोठ्याने."

"बरं करता की हो," ती म्हणाली. बाबा पुढचा अख्खा रस्ता मान ताठ ठेवून चालले.

शुक्रवारी आम्ही तिघं खिडकीशी गेलो. नोंदणीबाईंनी मंडळाचं पत्र वाचलं, सह्या पाहिल्या, दोन शिक्के मारले, जरा विचार करून तिसराही मारला आणि नवीन पावती आतून सरकवली. ट्रान्झॅक्शन आयडी तोच होता, कारण पैसे एकदाच भरले होते. बँक रेफरन्सही तोच, कारण ते एकदाच खात्यातून गेले होते. बदलला होता फक्त रेफरन्स नंबर.

"तपासून घ्या," बाई म्हणाल्या. "नंतर तक्रार चालणार नाही."

बाबांनी पावती हातात घेतली. खिशातून मूळ चिठ्ठी काढली. दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं, मग दोन्ही आईपुढे धरली.

"बघ गं जरा," ते म्हणाले. "बरोबर आहे का?"

आईने चष्मा लावला, दोन्ही नंबरांवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "बरोबर आहे."